‘आलात’ काढून टाक

आधीच सांगून ठेवते. या लेखात एका पेशंटची गोष्ट आहे आणि त्या पेशंटला काय झालं होतं ते मी सांगणार नाही. वय, गाव, धंदा, काहीच नाही. बाई की बापया, तेही नाही. आमच्या कोल्हापुरात याची सोय भाषेनंच करून ठेवली आहे. इथं अनोळखी माणसाला ‘पावणं’ म्हणतात, आणि आमच्या पेठेतल्या बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. तेव्हा त्या व्यक्तीला मी पावणं म्हणणार, आणि तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. वाचकांनीही शोधाशोध करू नये, ही विनंती.

मी पेठेतली साधी फॅमिली डॉक्टर. सर्दी-खोकल्यापासून शुगर-बीपीपर्यंत सगळं आधी माझ्याकडे येतं. दवाखाना म्हणजे एक तपासणीची खोली, बाहेर दोन बाकं आणि एक टेबल. टेबलामागे आमच्या मामी. त्या माझ्या कुणाच्या मामी नाहीत, सगळ्या पेठेच्या आहेत. मूळच्या शाहूवाडीकडच्या. तिकडं या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारायची रीत, आणि मामींनी ती शहरात आल्यावरही सोडली नाही. त्यांनी बाहेर कुणाला हाक मारली की समोरच्या मेडिकलमधलं गिऱ्हाईकसुद्धा वळून बघतं.

एके सकाळी त्या मेडिकलचे मालक हातात मोबाइल घेऊन, रस्ता ओलांडून धावतच आले. दवाखान्यात अजून पेशंट नव्हते, मी चहा घेत होते.

“डॉक्टर, तुमच्यावर लिवलंय की कुणीतरी! एकच स्टार दिलाय!”

नकाशावर आपल्या दवाखान्याचं नाव दाबलं की खाली लोकांचे शेरे दिसतात, एवढं मला माहीत होतं. त्यातले बरेचसे चांगले होते आणि मी ते अधूनमधून वाचून मनातल्या मनात फुगतही असे. हा शेरा वेगळा होता. “भिकार दवाखाना. माणसाला माणूस समजत नाहीत. मी गेलो आणि पस्तावलो. चारचौघांत अब्रू काढतात. डॉक्टर नुसती नावाची. कुणी जाऊ नका.” वर लिहिणाऱ्याचं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट.

(‘गेलो’वरून काही ठरवू नका. वर सांगितलंय.)

नाव वाचलं आणि मला पावणं आठवलं. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पेशंटसाठी मी काय काय केलं होतं! थोड्याच दिवसांपूर्वी आत, दार लावून, मी त्यांना जरा चढ्या आवाजात बोलले होते. कशावरून ते सोडा. त्यांच्याच भल्याचं होतं. मला वाटलं, तेच लागलं असणार मनाला. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

मामी माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. “अब्रू काडली? कवा काडली आपण? डॉक्टर, तुमी गप बसू नगा. समदं लिवा. मी सांगतो काय काय झालतं ते.”

मला कुणी चढवायची गरज नव्हतीच. मी खुर्ची पुढं ओढली आणि लिहायला घेतलं. मला राग आला की माझं मराठी सुधारतं, असं माझी मुलगी म्हणते. त्या दिवशी ते फारच सुधारलं होतं. पावणं पहिल्यांदा कधी आलं, काय तक्रार घेऊन आलं, मी कुठली तपासणी सांगितली, त्यांनी ती कशी टाळली, कुठली गोळी आपल्या मनानं बंद केली आणि मग मी का रागावले, सगळं क्रमानं मांडलं. शेवटी ‘तरीही तुम्हाला लवकर बरं वाटो’ असं लिहून मोठेपणाही दाखवला. वाचून बघितलं तर एक अक्षर खोटं नव्हतं. मामी म्हणाल्या, “झ्याक!”

मी लगेच पाठवलं नाही याचं कारण शहाणपण नव्हतं. मला कौतुक हवं होतं. मी शिकून बाहेर पडले तेव्हा जयसिंगपूरच्या एका डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं होतं. आता ते निवृत्त आहेत, त्यांचा दवाखाना बंद आहे, आणि दिवसभर पेपर वाचून ते पेपरवाल्यांच्या चुका काढत बसतात. काही मनासारखं जमलं की अजूनही मी त्यांना फोन करते. नाव न घेता मी त्यांना शेरा वाचून दाखवला आणि मग माझं उत्तर, आवाजात चढउतार वगैरे आणून.

सर शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, “छान लिहिलंयस. आता सांग, त्या माणसाला काय झालंय ते मला कळलं की नाही?”

“कळलं असणारच, सर. सगळं लिहिलंय.”

“मी कोण? जयसिंगपुरात खुर्चीत बसलेला म्हातारा. मला का कळलं?”

मी माझं उत्तर पुन्हा वरून खाली वाचू लागले.

“मला तू नाव नाही सांगितलंस, बरं केलंस. पण तिथं शेऱ्याच्या वर नाव आहेच ना? त्याच्या खाली तू रोग लिहिणार. त्याचे शेजारी वाचतील, घरचे वाचतील, ज्यांच्याकडं तो कामाला जातो ते वाचतील. पुढच्या वर्षीही वाचतील. ते तिथंच राहणार.”

“पण सर, सुरुवात त्यांनी केली. दवाखान्यात गेलो असं त्यांनीच लिहिलंय की.”

“त्याचं आहे ते. त्यानं चावडीवर सांगावं नाहीतर पेपरात छापावं. तो बोलला म्हणून तुला बोलायची मुभा मिळत नाही. तुझ्याकडं ते ठेवायला दिलेलं आहे.”

मला राग सरांचाही आला, हे कबूल करते. अपमान आपला व्हायचा आणि तोंडाला कुलूपही आपणच लावायचं, हा कुठला न्याय? मी तसं बोलूनही दाखवलं. सर हसले आणि म्हणाले, “न्याय नाहीच. हा धंदा आहे आपला. तो तुझ्याबद्दल काहीही बोलू शकतो, तुला त्याच्याबद्दल काहीच बोलता येत नाही. पुन्हा लिही. मी फोनवर थांबतो.”

मी रोग काढला, गोळ्या काढल्या, माझं रागावणं काढलं. उरलं ते असं: “तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा आपल्याला त्रास झाला, याबद्दल दिलगीर आहोत. प्रकृतीची काळजी घ्या.” यात आता काय खोट काढणार, अशा थाटात मी वाचलं.

“‘आलात’ काढून टाक.”

“आलात? सर, त्यात काय आहे?”

“आलात म्हणजे तू साक्ष दिलीस, की हे माझे पेशंट. त्यानं नुसतं म्हणणं वेगळं आणि डॉक्टरनं शिक्का मारणं वेगळं. आणि ते ‘काळजी घ्या’ पण काढ.”

आता मात्र मी हट्टाला पेटले. मराठी माणूस ‘काळजी घ्या’ म्हटल्याशिवाय फोन ठेवत नाही, दारातून निघत नाही. सर म्हणाले, “दारात म्हण. तू डॉक्टर आहेस. तू ‘प्रकृतीची काळजी घ्या’ म्हटलंस की वाचणारा विचारतो, प्रकृतीला काय झालंय?”

मग आम्ही दोघांनी मिळून ते उत्तर लिहिलं. मी वाक्य म्हणायची, सर त्यातलं काहीतरी काढायचे. ‘आमच्या नोंदी तपासल्या’ गेलं, कारण नोंद आहे म्हणजे पेशंट आहे. ‘गैरसमज झाला असावा’ गेलं, कारण सर म्हणाले, त्याला काय बोचलंय ते तुला ठाऊक तरी आहे का? तुझ्या मनाचं धरून चाललीयस. ‘कृपया शेरा मागे घ्यावा’ हे तर मी म्हणायच्या आतच गेलं. एखाद्या बाईनं तांदूळ निवडावेत तसे ते माझ्या वाक्यातले खडे वेचत होते. शेवटी राहिलं ते एवढं:

“नमस्कार. आपण वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. दवाखान्यात कुणालाही अपमान वाटावा हे आम्हाला मान्य नाही, आणि आपल्याला असं लिहावंसं वाटलं याचं मनापासून वाईट वाटतं. कोण पेशंट आहे, कोण नाही आणि कुणाच्या तब्येतीचं काय, याबद्दल आम्ही जाहीरपणे काहीच बोलत नाही. हा नियम सगळ्यांसाठी आहे. पण आपलं म्हणणं मला ऐकायचं आहे. दवाखान्याच्या फोनवर दुपारी मी स्वतः असते. – डॉक्टर”

“मीच फोन करू का त्यांना?” मी विचारलं. नंबर माझ्याकडं होताच.

“नको. फोन घरात कोण उचलेल, शेजारी कोण बसलेलं असेल, तुला काय माहीत? दार उघडं ठेव. यायचं की नाही ते त्याचं त्याला ठरवू दे.”

मी ते पाठवलं. मामींनी वाचलं आणि तोंड वाकडं केलं. “ह्येला उत्तर म्हनत्यात व्हय? मिळमिळीत. आळणी पिठलं बरं ह्येच्यापरास.” मेडिकलवाल्यांचंही तेच मत पडलं. आमच्या समोरच्या स्टॉपवर एक रिक्षावाले असतात, त्यांच्या आईची मी बरीच वर्षं डॉक्टर आहे. ते तर बाह्या सरसावूनच आले. “नाव हाय की वर डॉक्टर. घर हुडकायला किती येळ? जाऊन नुसतं इचारून येतो.”

“कुणाच्या घरी जायचं?” मी म्हटलं. “माझे पेशंट आहेत असं मी कुठं म्हटलं?”

“मग न्हाईत?”

“तेही मी म्हटलेलं नाही.”

बाईचं डोकं फिरलंय असंच त्यांना वाटलं असणार. पण गेले नाहीत कुठं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कोल्हापुरी माया अशीच, आधी मारामारीला निघते.

त्यानंतरचे काही दिवस वाईट गेले. बाहेरच्या बाकावर कुणी मोबाइल बघत हसलं तरी मला वाटायचं, तेच वाचतायत. दुपारी मी जेवणाचा डबा फोनशेजारी घेऊन बसायची. औषध कंपनीचे फोन आले, चुकीचे नंबर आले, पावण्यांचा नाही. मला पुन्हा पुन्हा ते पहिलं, झणझणीत उत्तर आठवायचं. पुसलं नव्हतं मी ते. मोबाइलमध्ये तसंच होतं, एका बोटाच्या अंतरावर.

मग एका दुपारी फोन वाजला. मी उचलला.

“डॉक्टर हायसा का?”

“मीच बोलतेय.”

“मी... त्ये लिवलंय न्हवं मी. त्ये एक स्टारचं.”

“बोला की,” मी म्हटलं. डबा बाजूला सरकवला. “मी ऐकतेय.”

पावणं आधी भांडायच्या तयारीत होतं. दोनचार वाक्यं जोरात झाली. मग आवाज एकदम खाली आला.

“लिवलं तवा लई राग आलता. पन लिवून झाल्यावर भ्या वाटाय लागलं. म्हटलं, आता डॉक्टर समदं बाहीर काडत्यात. मला काय झालंय त्ये घरात कुणालाच ठावं न्हाय. पुसून टाकावं म्हटलं, तर आमच्या भावजींनी आदीच वाचलं हुतं. आन् तुमचं उत्तर आलं त्ये बी त्यांनीच बगितलं. समदी जेवाय बसली हुती. भावजी म्हनले, थांबा, डॉक्टर काय म्हनत्यात बगू, आन् मोठ्यानं वाचाय लागले. माजा घास घशात अडाकला. आता गेलं समदं, आता समदं संपलं. आन् भावजींनी शेवटपतोर वाचलं, फोन ठेवला, आन् म्हनले, ‘ह्यात काय न्हाईच की.’ आन् भाजी मागितली.”

फोनवर पावणं रडत होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते ताट होतं, तो घास होता, आणि भावजींच्या हातात माझं पहिलं उत्तर होतं, एक अक्षर खोटं नसलेलं. ते मोठ्यानं वाचलं गेलं असतं. क्रमानं.

थोड्या वेळानं मी विचारलं, “मी आत रागावले, त्याचं वाईट वाटलं का?”

“त्येचं न्हाय वो. तुमी वराडला त्ये माज्यासाटीच, एवडं कळतंय. बाहीरचं.”

“बाहेर काय झालं?”

मग कळलं. मामी पेशंटना नावानं हाक मारत नाहीत. आमच्या पेठेत एकाच नावाची चारचार माणसं, एकाच आडनावाची निम्मी गल्ली. मग मामींनी आपली सोय काढली होती. ‘बीपीवालं पावणं’, ‘खोकल्यावाल्या आक्का’, ‘गुडगंवालं आण्णा, चला’. लोक हसत उठायचे, मीही आत ऐकून हसायची. इतकी वर्षं ऐकत होते, मला त्यात कधी काही खटकलं नाही. आपल्याकडं दूधवाले असतात, फुलवाले असतात, तसे गुडघेवाले. त्या दिवशी मामींनी पावण्यांना जशी हाक मारायची तशीच मारली, शाहूवाडीच्या आवाजात. फक्त त्या हाकेत होतं ते गुडघे नव्हते. आणि समोरच्या बाकावर पावण्यांच्या गावचं एक माणूस बसलेलं होतं.

“त्येला म्या सांगितलं, मला न्हाय, दुसऱ्याला हाक मारली. आन् उटलोच न्हाय. तसाच बसून ऱ्हायलो, त्यो जाईस्तवर.”

मला आठवलं. त्या दिवशी पावणं आत उशिरा आलं होतं, आणि वेळेवर येत नाही म्हणून मी त्यावरूनही बोलले होते.

मी माफी मागितली. साधी, सरळ. इथं मला काही काढून टाकावं लागलं नाही, कारण आता आम्ही दोघंच होतो. पावणं म्हणालं, “ऱ्हाऊ द्या आता,” आणि मग थोडं थांबून, “गोळ्या परत चालू करू काय?” मी काय सांगितलं ते आमच्या दोघांतच राहू दे.

मामींना सांगणं जास्त अवघड होतं. मी कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं, की आपल्या हाकेनं कुणाला तरी लागलंय. मामी आधी भांडल्या, मग बाकावर जाऊन बसल्या, आणि पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, “माज्या नणंदंचं असंच झालतं, गावात. समद्यास्नी कळलं हुतं. मला त्यावक्ताला कळाय पायजे हुतं की.” मी त्यांच्या शेजारी बसले. खरं तर त्यांच्याआधी मला कळायला हवं होतं. दार मी लावत होते, पण आवाजाला दार नसतं.

दुसऱ्या दिवसापासून मामी सगळ्यांना नुसतं ‘पावणं, या’ म्हणू लागल्या. झालं काय, की एका हाकेला बाकावरचे सगळेच उठायचे. दारात रेटारेटी. शेवटी नंबर घातलेले पत्र्याचे बिल्ले करून आणले, आणि आता ‘सात नंबरचं पावणं’ म्हणून जी आरोळी उठते ती मेडिकलपर्यंत पूर्वीसारखीच जाते. जाऊ दे. सातला काय झालंय ते मेडिकलला कळत नाही.

सरांना मी सगळं सांगितलं, म्हणजे सांगता येण्याजोगं सगळं. “भावजींनी भाजी मागितली” एवढं मात्र जसंच्या तसं सांगितलं. सर मग म्हणाले, “बरं झालं,” आणि पेपरातली एक चूक मला वाचून दाखवू लागले. माझ्यावर त्यांचे फार उपकार आहेत, पण तसं म्हटलेलं त्यांना चालत नाही, म्हणून इथं लिहिते. पावण्यांचेही आहेत. त्यांनी तो शेरा लिहिला नसता तर मामींची हाक आजही तशीच चालू असती आणि मी आत हसत बसले असते.

शेरा अजून आहे. काढा म्हणून मी म्हटलं नाही आणि पावण्यांनी काढला नाही. नव्या माणसानं दवाखान्याचं नाव दाबलं की तोच शेरा वरती दिसतो, खाली माझं आळणी उत्तर.

परवा एक बाई आल्या. कोल्हापूरच्या नव्हेत, लांबून दोन एसट्या बदलून आलेल्या. गाव सांगत नाही. नंबर आला तरी बाकावरून उठेनात, म्हणून मीच बाहेर जाऊन त्यांना आत आणलं. बसल्या, पण बोलेनात. पर्सचा बंद घट्ट धरून ठेवलेला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “इतक्या लांबून माझ्याकडंच कशा आलात? तुमच्याकडं कुणी डॉक्टर नाहीत का?”

“हायत की. पर माजं मला कुणाला कळू द्यायचं न्हाय. लई वर्सं झाली, कुणालाच दावलं न्हाय. नातीनं मोबाइलवर तुमचं वाचून दावलं.”

“अहो, पण तिथं तर माझ्यावर तक्रार आहे. ती नाही वाचली?”

“वाचली. तक्रार काय, कुटं बी असत्या.” त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. “तुमास्नी एवडं बोल लावलं, तरी तुमी काय बोलला न्हाईसा.”

मी उठून दार लावलं आणि त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले.